दाव्यातली जमीन विकत घेताना : ‘लिस पेंडन्स’ खरेदीदाराला कुठे आणि किती बांधते

जमिनीची खरेदी करताना माणसे सातबारा काढतात, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घेतात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. हे सगळे स्वच्छ निघाले की व्यवहार पक्का समजला जातो. तरीही काही वर्षांनी कोर्टाचा बेलिफ दारात येतो आणि सांगतो, की ज्या खटल्याचे नावही तुम्ही ऐकले नव्हते, त्याच्या हुकूमनाम्यानुसार ही जमीन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आहे. हे बेकायदा नसते. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 52 ने ते आधीच सांगून ठेवलेले आहे. वकील मंडळी त्याला ‘लिस पेंडन्स’ म्हणतात.

कलमाचा गाभा एवढाच : स्थावर मिळकतीवरचा हक्क ज्या दाव्यात थेट आणि नेमकेपणाने वादात आहे, तो दावा चालू असताना त्यातल्या कोणत्याही पक्षकाराने ती मिळकत दुसऱ्या पक्षकाराच्या हक्काला बाधा येईल अशा रीतीने कोणाला देऊ नये. दिलीच, तर घेणाऱ्याला शेवटच्या निकालाचे बंधन. कोर्टाची परवानगी घेऊन, कोर्ट घालील त्या अटींवर दिली तर गोष्ट वेगळी. दावा संगनमताचा असेल, म्हणजे दोन्ही पक्षांनी आतून हातमिळवणी करून तिसऱ्याला फसवण्यासाठी लावलेला असेल, तर हे कलम लागू होत नाही.

यातून दोन टोकाचे गैरसमज निघतात आणि दोन्ही महागात पडतात. एक म्हणजे, दावा चालू असताना केलेले खरेदीखत आपोआप रद्द होते. तसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. 2013 च्या थॉमसन प्रेस विरुद्ध नानक बिल्डर्स या निकालात ते चांगले उलगडले आहे. खरेदीखत विकणारा आणि घेणारा यांच्यात वैधच राहते, फक्त दाव्याच्या निकालाच्या खाली राहते. दुसरा गैरसमज याच्या उलट : मनाई हुकूम नव्हता आणि आपल्याला दाव्याची माहिती नव्हती, म्हणून आपण सुरक्षित. हा अधिक घातक, कारण तो ऐकायला न्याय्य वाटतो.

घेणाऱ्याला माहिती होती की नव्हती, हे कलम 52 मध्ये विचारलेच जात नाही. बेलामी विरुद्ध सबाइन या 1857 च्या इंग्लिश निकालापासून यामागचा विचार एकच आहे. वादीने पाच वर्षे खटला चालवून निकाल मिळवायचा आणि तोवर प्रतिवादीने मिळकत विकून मोकळे व्हायचे, मग वादीने नव्या मालकावर नवा दावा लावायचा, त्यानेही विकायचे... असे चालू दिले तर कोणताच खटला संपणार नाही. म्हणून कायदा घेणाऱ्याचे मन तपासत बसत नाही, तारीख पाहतो. दावा आधी की खरेदीखत आधी, एवढाच प्रश्न.

तारखेचा हा मुद्दा एका व्यवहारातून पाहू. व्यवहार कल्पित आहे, पण असे पुष्कळ घडतात.

समजा, शिरूर तालुक्यात एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याने ती 60 लाखांना विकायचे ठरवले आणि 12 लाख इसार घेतला. साठेखत केले, पण नोंदणी न करता नोटरीपुढे. गावाकडे पैसे वाचवायला असे सर्रास करतात. पुढे जवळून रस्ता जाणार अशी बोलवा उठली, भाव चढले आणि मालक टाळाटाळ करू लागला. पहिल्या खरेदीदाराने नोटीस पाठवली, उत्तर आले नाही. सोमवारी, 6 जून 2022 रोजी त्याने दिवाणी कोर्टात करारपूर्तीचा दावा दाखल केला : उरलेले 48 लाख द्यायला मी तयार आहे, मालकाला खरेदीखत करून द्यायला लावा. नोंदणी नसलेले साठेखत अशा दाव्यात पुरावा म्हणून चालते. नोंदणी कायद्याच्या कलम 49 च्या परंतुकात तशी सोय आहे.

बुधवारी, 8 जूनला मालकाने तीच जमीन दुसऱ्या एकाला 90 लाखांना विकली. खरेदीखत रीतसर नोंदवले गेले. या दुसऱ्या खरेदीदाराने सर्च केला होता, पण नोंदणी नसलेले साठेखत सर्चमध्ये दिसणार कसे? सातबाऱ्यावरही काही नव्हते. दावा दोन दिवसांपूर्वीचा, त्याचे समन्स मालकाला मिळाले ऑगस्टमध्ये. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नवे नाव चढले. नव्या मालकाने कुंपण घातले, बोअर मारली.

इथे दुसरा खरेदीदार पूर्ण प्रामाणिक आहे. त्याने कोणाला फसवले नाही, भावही पुरा दिला. तरी कलम 52 त्याला बांधते, कारण त्या कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे दावा प्रलंबित धरला जातो तो वादपत्र कोर्टात सादर झाल्याच्या तारखेपासून. समन्स कधी पोचले, मालकाला दाव्याचे कळले होते का, याने काही बदलत नाही. 6 जूनला वादपत्र आत गेले, 8 जूनला खरेदीखत झाले, विषय संपला.

आता हाच व्यवहार शुक्रवारी, 3 जूनला झाला असता तर? मग सगळे चित्र पालटते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चे कलम 19(ब) सांगते, की आधीच्या कराराची माहिती नसताना, प्रामाणिकपणे, पैसे मोजून ज्याने मिळकत घेतली, त्याच्याविरुद्ध तो करार अमलात आणता येत नाही. दाव्यापूर्वी घेतलेल्या खरेदीदाराला ही ढाल मिळते. दावा दाखल झाल्यावर घेणाऱ्याने हीच ढाल पुढे केली तर चालेल का, हा प्रश्न गुरुस्वामी नाडर विरुद्ध पी. लक्ष्मी अम्माळ या खटल्यात थेट उभा राहिला. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : नाही. दावा चालू असताना झालेल्या खरेदीला कलम 52 लागू, आणि तिथे प्रामाणिकपणाचा बचाव उपयोगी पडत नाही. चार-पाच दिवसांच्या फरकाने एका माणसाची जमीन वाचते आणि दुसऱ्याची जाते. मला स्वतःला हे कठोर वाटते, पण कायदा आज हाच आहे.

या नियमातून मालकाच्या वागण्याचाही उलगडा होतो. वकिलाची नोटीस आली, की दावा येणार हे त्याला कळते. नोटिशीनंतर घाईघाईने होणारी विक्री ही दाव्याच्या आधी निसटण्याची धडपड असू शकते. विकणारा खरेदीखताची तारीख वारंवार अलीकडे ओढत असेल, बाजारभावापेक्षा सूट देत असेल आणि कारण विचारल्यावर घरातल्या अडचणी सांगत असेल, तर त्याला आलेल्या नोटिशांबद्दल थेट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

शिरूरच्या गोष्टीकडे परत. दावा सहा-सात वर्षे चालला आणि पहिला खरेदीदार जिंकला असे धरू. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमातल्या दुरुस्तीमुळे 1 ऑक्टोबर 2018 पासून करारपूर्ती नाकारण्याची कोर्टाची मोकळीक बरीच आकसली आहे. पूर्वी ‘भाव फार वाढले’ वगैरे कारणांनी कोर्टे नुसते पैसे परत द्यायला सांगू शकत, आता वादीने करार आणि आपली तयारी सिद्ध केली की करारपूर्ती हाच मुख्य मार्ग. म्हणजे दुसऱ्या खरेदीदाराचा धोका पूर्वीपेक्षा वाढला आहे.

हुकूमनामा कसा निघतो ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याचे खरेदीखत कोर्ट फाडून टाकत नाही. 1954 च्या लाला दुर्गाप्रसाद विरुद्ध लाला दीपचंद या निकालापासून रीत अशी आहे, की मूळ मालकाने वादीला खरेदीखत करून द्यायचे आणि नंतरच्या खरेदीदाराने त्यात सामील होऊन सही करायची, म्हणजे त्याच्याकडे गेलेली मालकी वादीकडे उतरते. त्यांनी सही केली नाही तर वादी हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी दरखास्त लावतो आणि कोर्ट आपल्या अधिकाऱ्यामार्फत खरेदीखत करून देते. ताब्यासाठी बेलिफ येतो तो यानंतर.

बेलिफ आल्यावर ‘मी तर दाव्यात नव्हतो, माझे ऐकून घेतल्याशिवाय मला कसे काढता’ असे दुसरा खरेदीदार म्हणेल. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21 नियम 102 नेमका याच माणसासाठी आहे. दरखास्तीत ताब्याला अडथळा करणाऱ्याचे म्हणणे ऐकून हक्क ठरवण्याची जी सोय आधीच्या नियमांत आहे, तिचा फायदा दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीकडून मिळकत घेतलेल्याला मिळत नाही. उषा सिन्हा विरुद्ध दीनाराम (2008) या निकालाने हे पक्के केले. त्यामुळे जे बोलायचे ते दावा चालू असतानाच, दाव्यात जाऊन बोलावे लागते.

पैशांचे काय? पहिला खरेदीदार उरलेले 48 लाख कोर्टात भरतो. ते मूळ मालकाला द्यायचे की दुसऱ्या खरेदीदाराला, हे कोर्ट ठरवते. दुसरा खरेदीदार दाव्यात हजर असेल तर त्याला ते मागता येतात. ते सगळे त्याला मिळाले असे धरले, तरी त्याने मोजलेल्या 90 लाखांतले 42 लाख, शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, बोअर आणि कुंपण यांचा खर्च अंगावर राहतो. त्यासाठी मूळ मालकावर वेगळा दावा. आणि मालकाने आलेले पैसे कुठे लावले, त्याच्या नावावर आता काही आहे का, हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. जमिनीवर केलेल्या सुधारणांचा खर्च वादीकडून मिळेल यावर विसंबू नये. दाव्याचे कळल्यानंतर घातलेली वीट तर आपल्याच जोखमीची.

उलट, पहिल्या खरेदीदाराला आपली पैसे देण्याची तयारी सिद्ध करता आली नाही आणि दावा फेटाळला गेला, अपिलेही संपली, तर दुसऱ्याचे खरेदीखत पहिल्या दिवसापासून निर्वेध ठरते. त्याचे नशीब अशा रीतीने दुसऱ्याच्या पुराव्यावर टांगलेले असते. म्हणूनच तो दाव्यात असणे महत्त्वाचे, त्याकडे पुढे येतो.

आता मुंबईचा वेगळा नियम. महाराष्ट्रातल्या वाचकाने तो समजून घ्यायलाच हवा, कारण याबाबत जाणकार म्हणवणारेही गोंधळ करतात. 1939 मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांताने कलम 52 मध्ये दुरुस्ती केली. तिच्याप्रमाणे दावा नुसता दाखल असून भागत नाही. वादीने त्या दाव्याची नोटीस नोंदणी कायद्याच्या कलम 18 खाली दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला हवी. मालकाचे नाव-पत्ता, मिळकतीचे वर्णन, कोर्ट, दाव्याचे स्वरूप आणि दाखल झाल्याची तारीख त्यात लिहायची असते. ही नोंद झाल्यानंतरच्या हस्तांतरणालाच लिस पेंडन्स लागते. नोंद होण्याआधी झालेल्या विक्रीला हे कलम लागत नाही.

याचा फायदा उघड आहे. नोंद इंडेक्स टू मध्ये येते, म्हणजे साधा सर्च करणाऱ्यालाही ती सापडते. टी. जी. अशोक कुमार विरुद्ध गोविंदम्माळ (2010) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बाकी देशातल्या खरेदीदारांच्या हालांचे वर्णन करून महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या या तरतुदीकडे बोट दाखवले आणि तशी सोय सगळीकडे व्हावी असे सुचवले.

पण त्यावरून ‘महाराष्ट्रात नोटीस नोंदवलेली नसेल तर काळजी नको’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. ही दुरुस्ती मुळात बृहन्मुंबईतल्या मिळकतींसाठी आहे. इतर भागांना ती लागू व्हायला सरकारची तशी अधिसूचना लागते. म्हणून शिरूर, सातारा किंवा बुलढाण्यातली जमीन घेताना इंडेक्स टू कोरा आहे यावर अवलंबून राहू नये आणि मूळ, कडक कलम 52 लागू आहे असे धरूनच चालावे. उलट अंधेरीतला फ्लॅट घेताना लिस पेंडन्सची नोटीस इंडेक्स टू मध्ये शोधायलाच हवी.

शिरूरऐवजी ती मिळकत अंधेरीतली असती आणि वादीने नोटीस नोंदवलीच नसती, तर? मग कलम 52 बाजूला राहते आणि ते 19(ब) पुन्हा जिवंत होते. दुसऱ्या खरेदीदाराला आधीच्या कराराची खरोखरच माहिती नव्हती, हे सिद्ध झाले तर तो वाचतो. माहिती होती असे निघाले, तर नोटीस नोंदवलेली नसूनही तो आधीच्या कराराला बांधला जातो. आणि ‘माहिती’त तुम्ही चौकशी केली असती तर कळले असते तेही मोडते. फ्लॅटमध्ये विकणाऱ्याऐवजी भलताच कोणी राहत असेल, तर तो कोणत्या हक्काने राहतो हे न विचारणाऱ्याला कायदा अजाण मानत नाही.

मुंबईत या नोटिशीची दुसरी बाजूही आहे. नोटीस नोंदवायला कोर्टाची परवानगी लागत नाही. त्यामुळे तकलादू दावा लावून, मनाई हुकूम मिळत नसला तरी नोटीस नोंदवून मिळकत वर्षानुवर्षे अडकवून ठेवण्याचे प्रकार होतात. बँका अशा मिळकतीवर कर्ज द्यायला कचरतात. विकणाऱ्याने ‘ती नोटीस नुसती त्रास द्यायला लावली आहे’ असे सांगितले, तर ते खरेही असू शकते. पण तसे असेल तर त्याने कोर्टाकडे जाऊन कलम 52 मधली परवानगी मागावी. तारण किंवा हमी घेऊन मिळकत या बंधनातून मोकळी करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज (2010) मध्ये वापरला आहे. परवानगीचा आदेश हातात आला, तर त्याच्या अटींवर खरेदी सुरक्षित होते. विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन आणि हा आदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोणत्या दाव्यांची भीती बाळगायची? मिळकतीवरचा हक्क थेट वादात हवा. विकणाऱ्यावर कोणी हातउसन्या वीस लाखांच्या वसुलीचा दावा लावला असेल, तर त्या दाव्यात जमिनीचा प्रश्न नाही, लिस पेंडन्स लागत नाही. मात्र त्या दाव्यात जमिनीवर जप्ती आली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 64 आड येते, म्हणून जप्ती तपासायचीच. मालकी, ताबा, गहाण, हक्कसोड रद्द करणे, करारपूर्ती, सहहिस्सेदाराचे वाटप हे सगळे कलम 52 च्या कक्षेत.

आपल्याकडे यातला सर्वांत जास्त आढळणारा दावा वाटपाचा. वडिलोपार्जित जमीन सातबाऱ्यावर भावांच्या नावे असते, बहिणीने वाटपाचा दावा लावलेला असतो, आणि भाऊ विकत असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सा मिळाला आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाने, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हेही स्पष्ट झाले. तेव्हापासून बहिणींच्या दाव्यांना बळ आले आहे. ‘बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नाही’ या वाक्यावर विसंबून पैसे देणारे अजूनही भेटतात.

वाटपाच्या दाव्यात मात्र खरेदीदार सगळे गमावतोच असे नाही. विकणाऱ्या भावाच्या वाट्याला जेवढे येईल तेवढ्यापुरती विक्री टिकते. चार एकरांत भाऊ आणि बहीण दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असेल आणि भावाने रस्त्याकडचे तीन एकर विकले असतील, तर दोन एकरांवर हक्क राहू शकतो. ते दोन एकर रस्त्याकडचेच मिळतील का, हे वेगळे. कोर्ट, इतरांवर अन्याय होत नसेल तर, विकलेला तुकडा विकणाऱ्याच्या वाट्यात टाकू शकते. पण त्यासाठी खरेदीदाराने अंतिम हुकूमनाम्यापूर्वी कोर्टापुढे येऊन ते मागायला हवे. घरी बसून राहिलेल्याच्या वाट्याला ओढ्याकडची बाजू आली तर नवल नाही.

खटला खालच्या कोर्टात संपला म्हणजे बंधन सुटले, असेही नाही. स्पष्टीकरणानुसार अंतिम हुकूमनाम्याची पूर्ण बजावणी होईपर्यंत, किंवा बजावणीची मुदत संपून ती अशक्य होईपर्यंत, दावा प्रलंबितच. बजावणीसाठी दरखास्तीची मुदत साधारणपणे 12 वर्षांची असते. निकाल आणि अपील यांच्या मधल्या दिवसांत ‘सध्या काहीच चालू नाही’ म्हणून केलेली खरेदीही याच कचाट्यात सापडते. विकणारा ‘आम्ही केस जिंकलो’ म्हणून निकालाची प्रत दाखवतो तेव्हा अपिलाची मुदत संपली का, वरच्या कोर्टात काही दाखल आहे का, हे पाहायचे असते.

मग शोधायचे कसे? स्थावर मिळकतीचा दावा, मिळकत जिथे आहे तिथल्या कोर्टात लावावा लागतो, ही एक सोय. ई-कोर्ट्सच्या services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते. नुसते आजच्या मालकाचे नाव घालून थांबू नये. त्याचे वडील, भावंडे, बहिणींची माहेरची आणि सासरची नावे, ज्याच्याकडून त्याने जमीन घेतली तो, सगळ्यांची नावे घालावीत. नावांची इंग्रजी स्पेलिंगे कोर्टाच्या कारकुनाच्या मर्जीनुसार बदलतात, म्हणून दोन-तीन प्रकारे पाहावे. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही याद्या पाहाव्यात. मुंबई उच्च न्यायालयाचे संकेतस्थळ वेगळे, तिथेही पाहावे. जमिनीच्या बाबतीत तहसीलदार आणि प्रांताकडचे फेरफाराचे वाद आणि सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ रकाना वाचावा. महसुली वादावर बहुतेकदा दिवाणी दाव्याचीही खूण सापडते.

एवढे करूनही भोक राहते. वादपत्र सादर झाल्यावर त्याची छाननी होऊन दाव्याला नोंदणी क्रमांक पडायला वेळ लागतो, आणि बंधन मात्र सादर झाल्याच्या दिवसापासून. म्हणून शोध महिनाभर आधी करून फाइलला लावून ठेवण्यात अर्थ नाही. खरेदीखताच्या आदल्या दिवशी तो पुन्हा करावा, आणि त्या कोर्टात रोजचे येणे-जाणे असलेल्या स्थानिक वकिलाकडून नव्या दाखल दाव्यांची चौकशी करून घ्यावी. जाहीर नोटीस द्यावी, पण ती कलम 52 ला उतारा नव्हे. नोटिशीला कोणी हरकत घेतली नाही म्हणून आधीच दाखल असलेल्या दाव्यातल्या वादीचा हक्क जात नाही. बांधकाम प्रकल्पातला फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तकाने जाहीर केलेले खटले पाहावेत. तिथे एक चांगली तरतूदही आहे : जमिनीच्या सदोष मालकीमुळे नुकसान झाले तर रेरा कायद्याच्या कलम 18(2) खाली प्रवर्तकाकडून भरपाई मागता येते आणि त्या मागणीला मुदतीचे बंधन नाही.

काही जण दावा आहे हे माहीत असून, भाव कमी मिळतो म्हणून घेतात. तो धंद्याचा निर्णय झाला. तसे करायचेच असेल तर सर्वांत भक्कम वाट म्हणजे वादीलाच व्यवहारात ओढणे : त्याला काही रक्कम देऊन खरेदीखतात ‘मान्यता देणार’ म्हणून सही घ्यायची आणि दाव्यात तडजोड दाखल करून कोर्टाचा त्यावर हुकूम घ्यायचा. वादी एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाची सही हवी. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीही एकमेकांविरुद्ध हिस्सा मागतात, तेव्हा त्यांचीही. नोटरीपुढे केलेले ‘ना हरकत’ पत्र खिशात घालून येणाऱ्याला परत पाठवावे.

आणि घेऊन बसलाच असाल, दावा नंतर कळला असेल, तर कोर्टात अर्ज करून दाव्यात सामील व्हावे. आदेश 1 नियम 10 किंवा आदेश 22 नियम 10 खाली तसा अर्ज होतो. परवानगी द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर असले, तरी विकून पैसे घेतलेल्या मालकाला खटला लढण्यात रस उरत नाही, हे कोर्टांना चांगले कळते. सामील झाल्यावर साधारणपणे मूळ मालकाचेच बचाव पुढे चालवता येतात. ‘मला माहीत नव्हते’ हा नवा बचाव तिथेही उपयोगाचा नाही. पण वादीकडे खरोखर पैसे होते का, त्याने मुदत पाळली का, साठेखतावरची सही खरी आहे का, यावर उलटतपासणी करता येते, आणि दाव्याचा निकाल बहुतेकदा यावरच फिरतो.

दुसरा मोर्चा विकणाऱ्यावर. मालकीतला माहीत असलेला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगण्याची जबाबदारी कलम 55 ने विकणाऱ्यावर टाकली आहे. दावा किंवा नोटीस माहीत असून त्याने ती दडवली असेल तर दिवाणी दाव्याबरोबर फसवणुकीची फिर्यादही होऊ शकते. खरेदीखतात ‘मिळकतीबाबत कोणताही दावा वा वाद प्रलंबित नाही, तसे निघाल्यास होणारे सर्व नुकसान लिहून देणार भरून देतील’ हे कलम असते. ते छापील मजकूर म्हणून तसेच सोडू नये. भरपाईत किंमत, मुद्रांक शुल्क, व्याज आणि कोर्टखर्च येतो असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि शक्य असेल तर किमतीचा एक भाग काही महिन्यांनी देण्याची अट घालावी. पैसे परत मागण्याच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची मुदत असते. ती नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची यावर पुढे वाद होतोच, तेव्हा मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. दाव्याचे कळताच विकणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी आणि मुदतीबद्दल वकिलाचा सल्ला त्याच वेळी घ्यावा.